विनंती अर्ज नको, नोटीस द्या

प्रश्न: जिमची मेंबरशिप 10 जून 2024 ला बारा महिन्यांसाठी घेतली होती. वर्ष संपलं, पण दर महिन्याच्या 5 तारखेला कार्डावरून हप्ता जातोच आहे. ॲपमध्ये रद्द करायचं बटण नाही, वेबसाइटवरही नाही. काउंटरवर विचारलं की 'मॅनेजरना भेटा' म्हणतात, आणि मॅनेजर कधीच जागेवर नसतात. करारात कलम 9 मध्ये एवढंच आहे: 'मुदत संपल्यावर सदस्यत्व दरमहा चालू राहील. बंद करण्यासाठी 30 दिवसांची लेखी सूचना आवश्यक.' अर्ज कसा लिहायचा? की सरळ कार्डच ब्लॉक करून टाकू?
– एक वाचक, 2 ऑगस्ट 2025

उत्तर: कार्ड आत्ता ब्लॉक करू नका. कार्ड बंद केल्याने पैसे जायचे थांबतात, करार थांबत नाही. जिमच्या वहीत तुम्ही सदस्यच राहता. प्रत्येक 5 तारखेला एक हप्ता 'थकीत' म्हणून चढतो, त्यावर उशिराचा आकार लागतो आणि काही महिन्यांनी वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात. तेव्हा मग 'मी तर केव्हाच सोडलं' हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि हातात कागद एकही नसतो. शिवाय कार्ड बदललं तरी हप्ता जाणं थांबेलच असं नाही. नव्या कार्डाचा तपशील दरमहा पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत आपोआप पोचवण्याची सेवा मोठ्या कार्ड कंपन्या देतात. त्यामुळे जुनं कार्ड मोडून टाकलेल्या माणसालाही पुढच्या महिन्यात नव्या कार्डावर तोच हप्ता दिसू शकतो. आधी करार संपवायचा, बँकेचं काम त्यानंतर.

आता अर्जाबद्दल. अर्ज लिहूच नका.

शाळेपासून आपला हात एकाच साच्यात बसलेला असतो: 'विषय: सदस्यत्व रद्द करण्याबाबत विनंती. महोदय, मी आपणास नम्र विनंती करतो की…' इथे नेमका हाच साचा घात करतो. विनंती मान्य होते किंवा नामंजूर होते, आणि दोन्हींपैकी काही एक होईपर्यंत ती 'विचाराधीन' असते. असा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर तीन आठवडे पडून राहिला तर जिमला म्हणायला जागा मिळते की आम्ही अजून निर्णय घेतलेला नाही, मुदत सुरूच झालेली नाही. तुमच्या कलम 9 मध्ये परवानगी, मंजुरी, संमती यांपैकी एकही शब्द नाही. तिथे 'सूचना' आहे. सूचना म्हणजे मी सोडतो आहे हे कळवणं. समोरच्याने ती स्वीकारायची नसते, ती फक्त त्याच्यापर्यंत पोचायची असते. म्हणून पत्रातलं क्रियापद 'रद्द करावे ही विनंती' असं न ठेवता 'रद्द करत आहे' असं ठेवा. एवढ्या एका फरकावर पुढचं बरंच काही उभं राहतं.

सूचना पोचण्यावर सगळं अवलंबून असल्यामुळे तारखांचा हिशेब आधी करून घ्या आणि तो कॅलेंडर समोर ठेवूनच करा, मनातल्या मनात नको. तीस दिवस साधारणपणे पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. तुम्ही पत्र कधी लिहिलं किंवा त्यावर कोणती तारीख घातली याला फार किंमत नाही. तुमचा पैसे भरलेला महिना 5 तारखेला सुरू होतो आणि पुढच्या 4 तारखेला संपतो. पत्र सोमवारी, 4 ऑगस्टला पोचलं तर 5 ऑगस्ट हा पहिला दिवस आणि 3 सप्टेंबर हा तिसावा. मंगळवारी 5 ऑगस्टला पोचलं तर तिसावा दिवस 4 सप्टेंबर. दोन्ही वेळा तुमचा शेवटचा हप्ता हा 5 ऑगस्टचा. तो जाणारच, तो वाचवायची वेळ जुलैच्या सुरुवातीलाच निघून गेली. पण सप्टेंबरचा हप्ता देणं लागत नाही.

तेच पत्र तुम्ही सोमवारी टपालात टाकलंत आणि ते गुरुवारी, 7 ऑगस्टला पोचलं, तर तिसावा दिवस 6 सप्टेंबरला येतो. मधे 5 सप्टेंबर आला, म्हणजे आणखी एक हप्ता. वापरायला दिवस दोनच मिळतात, पण बहुतेक ठिकाणी हप्ता पूर्ण महिन्याचाच कापतात. करारात दिवसांच्या प्रमाणात आकारणीची सोय असेल तर ती मागून घ्या, कारण आपण होऊन ती कोणी देत नाही. तीन दिवसांचा उशीर एका महिन्याला पडतो तो असा. त्यामुळे तुमच्या बाबतीत टपालावर विसंबू नका. सोमवारी पत्र स्वतः नेऊन द्या आणि त्याच दिवशी ईमेलही करा.

इतर वाचकांनी आपल्या करारातले शब्द मात्र नीट पाहावेत, कारण 'तीस दिवस', 'एक महिना' आणि 'एक पूर्ण बिलिंग महिना' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरा प्रकार सगळ्यात महागात पडतो. वरच्याच तारखा घेतल्या तर 4 ऑगस्टला पोचलेलं पत्र 5 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर हा पूर्ण महिना मोजून 4 सप्टेंबरला सदस्यत्व संपवतं. पण 7 ऑगस्टला पोचलेल्या पत्रासाठी पुढचा पूर्ण महिना 5 सप्टेंबरला सुरू होतो, तेव्हा सुटका थेट 4 ऑक्टोबरला. आणि करार दरमहा चालू न राहता पुन्हा बारा महिन्यांसाठी आपोआप वाढणारा असेल, तर हिशेब उलटा करायचा असतो. मुदत संपण्याच्या दिवसापासून तीस दिवस मागे जायचं आणि त्याच्याही आठवडाभर आधी पत्र पोचवायचं. ती तारीख हुकली की भांडण तीस दिवसांचं राहत नाही, वर्षाचं होतं.

उशीर इथे सगळेच करतात, म्हणून हे इतकं ताणून सांगितलं. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदींचा एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. दरमहा पैसे भरणारे सभासद शेवटचं क्लबात पाऊल टाकल्यानंतर सदस्यत्व बंद करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ घालवतात, असं त्यात आढळलं. जिमवाल्यांना हे अभ्यासाशिवायही ठाऊक असतं. बटण नसण्यामागे तांत्रिक अडचण क्वचितच असते.

पत्र लिहिण्याआधी दोन गोष्टी काढून ठेवा. पहिली, जिमचं खरं नाव. पाटीवर असतं ते ब्रँडचं नाव. करारावर आणि पावतीवर मात्र एखाद्या कंपनीचं किंवा भागीदारी संस्थेचं नाव असतं, कधी फ्रँचायझी घेणाऱ्याचं. पत्र त्या नावाने जायला हवं. करारात 'सूचना' किंवा 'पत्रव्यवहार' असं कलम बहुधा शेवटच्या पानावर असतं. तिथे पत्ता दिलेला असेल तर मूळ प्रत त्या पत्त्यावर आणि दुसरी प्रत तुमच्या शाखेत. 'शाखेला पत्र मिळालं, पण मुख्य कार्यालयाला मिळालं नाही' हे कारण फार वेळा पुढे केलं जातं. दुसरी गोष्ट, पैसे कोण घेतं. बँकेच्या किंवा कार्डाच्या स्टेटमेंटवर जिमऐवजी भलतंच नाव दिसत असेल तर वसुलीचं काम दुसऱ्या कंपनीकडे दिलेलं आहे, तेव्हा एक प्रत तिलाही पाठवा. आणि 'हप्ता' म्हणून जातं ते खरंच जिमचं मासिक शुल्क आहे ना, हे पाहा. काही जण नाव घालताना वर्षभराच्या फीसाठी एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज घेऊन बसलेले असतात आणि त्यांना ते आठवतही नसतं. तो करार वेगळा, तो जिमला पत्र लिहून संपत नाही. तुमचे बारा महिने उलटून गेलेले असल्याने तुम्हाला ही शक्यता कमी.

त्याच बैठकीत ॲप उघडून सदस्य क्रमांक, योजनेचं नाव, पुढच्या हप्त्याची तारीख दिसणारं पान आणि गेल्या वर्षभराच्या पावत्या यांचे स्क्रीनशॉट घ्या. सदस्यत्व बंद झालं की ॲपचं दार आधी बंद होतं आणि पुरावा आत राहतो. रागाच्या भरात ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सदस्यत्व गेलं, असंही होत नाही.

पत्र एका पानाचं असावं. कारण लिहू नका. मुदत संपलेल्या दरमहा सदस्यत्वाला कारण लागत नाही, आणि दिलेलं प्रत्येक कारण पुढच्या फोनला विषय पुरवतं. वेळ मिळत नाही म्हटलं की पहाटेची बॅच पुढे येते. परवडत नाही म्हटलं की सवलत येते. गुडघा दुखतो म्हटलं की तीन महिन्यांची स्थगिती. मजकूर असा ठेवा:

> दिनांक: 4 ऑगस्ट 2025
>
> प्रति,
> (करारावरचं कंपनीचं पूर्ण नाव)
> (सूचनेच्या कलमात दिलेला पत्ता)
> प्रत: (शाखेचं नाव आणि पत्ता)
>
> विषय: सदस्यत्व रद्द करण्याची लेखी सूचना – सदस्य क्रमांक (…)
>
> दि. 10 जून 2024 च्या करारातील कलम 9 नुसार मी माझे वरील सदस्यत्व या पत्राद्वारे रद्द करत आहे. ही 30 दिवसांची लेखी सूचना आहे.
>
> सदस्यत्वाचा शेवटचा दिवस 4 सप्टेंबर 2025 असेल. 5 ऑगस्ट 2025 चा हप्ता हा शेवटचा हप्ता आहे. आपल्या हिशेबाने सूचनेची मुदत याहून वेगळ्या दिवशी संपत असेल, तर करारानुसार येणाऱ्या सर्वात लवकरच्या तारखेस हे सदस्यत्व संपले असे समजावे आणि ती तारीख व त्यामागील कलम मला लेखी कळवावे.
>
> सदस्यत्व संपल्यानंतर माझ्या कार्डावरून किंवा खात्यातून कोणतीही रक्कम घेण्यास दिलेली संमती मी त्या तारखेपासून मागे घेत आहे.
>
> या सदस्यत्वासोबत घेतलेल्या लॉकर, वैयक्तिक प्रशिक्षण व इतर सर्व जोडसेवा याच तारखेपासून बंद कराव्यात. सदस्यत्वाला स्थगिती, मुदतवाढ किंवा योजनेतील बदल माझ्या सहीच्या लेखी संमतीशिवाय करू नये.
>
> सूचना मिळाल्याचे, सदस्यत्वाच्या शेवटच्या दिवसाचे आणि येणे बाकी नसल्याचे लेखी उत्तर 14 ऑगस्ट 2025 पर्यंत खालील ईमेलवर पाठवावे.
>
> (नाव घालताना लिहिलेलं पूर्ण नाव, सही)
> (नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल)

यातलं एक वाक्य मुद्दाम घातलं आहे, ते गाळू नका: 'आपल्या हिशेबाने मुदत वेगळी असेल तर…'. ते नसेल आणि तुमची तारीख एका दिवसाने जरी चुकली, तरी 'पत्र करारानुसार नाही, पुन्हा द्या' असं सांगून पूर्ण नवा महिना लावता येतो. ते वाक्य असलं की चूक फक्त तारखेत उरते, सूचना टिकते. शेवटचा दिवस 3 ऐवजी 4 सप्टेंबर लिहिला आहे तोही याच विचाराने. त्या दिवसापर्यंतचे पैसे तुम्ही भरलेलेच असतील, मग एका दिवसाची ढील हातात असलेली बरी.

स्थगितीचा उल्लेख अनेकांना अनावश्यक वाटेल, पण सोडायला निघालेल्या माणसाला सगळ्यात सहज अडकवतं ते हेच. फोनवर गोड आवाजात 'सर, रद्द कशाला करता, दोन महिने फ्रीज करून देते, एक पैसा जाणार नाही' असं सांगतात. तुम्ही 'बरं' म्हणता. स्थगितीचा काळ बहुतेक करारांत सदस्यत्वाच्या शेवटी जोडला जातो आणि त्या काळात दिलेली सूचना धरली जात नाही, किंवा आधी दिलेली सूचना मागे घेतली असं मानलं जातं. दोन महिन्यांनी हप्ता पुन्हा सुरू होतो आणि तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. नोटीस दिल्यानंतर फोन आलाच तर एकच वाक्य पुरे: जे असेल ते ईमेलवर पाठवा.

आता पत्र द्यायचं कसं. सही केलेल्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची: शिक्का, 'मिळाले' हा शब्द, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि सही. नुसता शिक्का पुरत नाही, त्यावर तारीख हवी. फिरत्या तारखेच्या शिक्क्यात कधी कधी कालचीच तारीख राहिलेली असते, म्हणून घेणाऱ्याला पेनानेही तारीख लिहायला सांगा. पोचेच्या प्रतीचा फोटो तिथेच उभं राहून काढा.

काउंटरवरचा माणूस म्हणेल, 'मला सही करायचा अधिकार नाही.' त्याच्याशी वाद घालू नका, त्याचं म्हणणं कदाचित खरंही असेल. पत्र मंजूर करायचं नाही, फक्त मिळाल्याची नोंद करायची आहे, एवढं सांगून पाहा. तरीही नाही म्हणाला तर पोच न घेता प्रत ठेवून येऊ नका, ती नंतर कोणाला 'दिसलेली' नसते. दारातूनच मोबाइलवरून त्या पत्राची पीडीएफ करारातल्या ईमेलवर आणि शाखेच्या ईमेलवर पाठवा. मजकुरात लिहा की 'सोबतचे पत्र घेऊन मी आज सकाळी 11 वाजता शाखेत आलो होतो, पोच देण्यास नकार मिळाला'. पीडीएफ जोडलीत तरी पत्राचा मुख्य मजकूर ईमेलमध्येही चिकटवा. जोडणी उघडली नाही ही सबब जुनीच आहे. मग त्याच दिवशी टपाल कार्यालयातून पोचल्याची नोंद मिळेल अशा टपालाने पत्र टाका. काही जिम स्वतःचा फॉर्म पुढे करतात. तो भरायला हरकत नाही, पण पत्राच्या जोडीला, पत्राऐवजी नव्हे. आणि सही करण्याआधी त्यातली तारखेची ओळ आणि बारीक अक्षरातला मजकूर वाचा, कारण 'सदस्यत्व फॉर्म मंजूर झाल्यापासून 30 दिवसांनी संपेल' असं वाक्य तिथे लपलेलं असू शकतं. ते दिसलं तर ती ओळ खोडून शेजारी सही करा, किंवा फॉर्म तसाच परत करा.

व्हॉट्सॲपवर कळवलं तर चालेल का? करारात तसं लिहिलेलं असेल तर चालेल, नाहीतर तो फक्त पूरक पुरावा. नंबर बहुधा एखाद्या कर्मचाऱ्याचा असतो आणि तो नोकरी सोडून गेला की निरोपही त्याच्याबरोबर जातो. ईमेल 'लेखी' धरायचा की नाही हेही करारच ठरवतो. म्हणून तर ईमेल आणि कागद दोन्ही.

टपालाच्या पत्रात एक फट असते. पावतीवरून पाकीट पोचल्याचं कळतं, पाकिटात काय होतं ते कळत नाही. 'पाकिटात कोरा कागद होता' असं म्हणणारे महाभाग असतात. टपाल कार्यालयात पत्राचा क्रमांक मिळाला की तुमच्याकडच्या प्रतीवर तो लिहा, आणि पाठवण्याच्या प्रतीवर आधीच 'टपालाने व ईमेलने' असं छापून ठेवा. मग पत्र, पाकीट आणि पावती शेजारी ठेवून एकच फोटो घ्या. त्याच दिवशी तोच मजकूर ईमेलने गेलेला असला की कोऱ्या कागदाचा मुद्दा फारसा टिकत नाही. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. टपालाच्या शिक्क्यांसह बंद पाकीट हाच चांगला पुरावा असतो, आणि मुद्दाम न घेतलेलं पत्र पोचलं असं धरायची तरतूद पुष्कळ करारांत असते. कुरिअर वापरायचं असेल तर डिलिव्हरीचा पुरावा उघडून कोणाची सही आहे ते पाहा. सुरक्षारक्षकाची सही असली तर त्यावर तंटा होऊ शकतो.

14 ऑगस्टपर्यंत उत्तर आलं नाही तर घाबरायचं कारण नाही. तुमचं सदस्यत्व त्यांच्या उत्तरावर अवलंबून नाही, सूचना तुम्ही दिलेली आहे. 15 ऑगस्टनंतर दोन ओळींचा ईमेल त्याच धाग्यात पाठवा: पत्र अमुक तारखेला मिळाल्याची पोच सोबत आहे, शेवटचा दिवस 4 सप्टेंबर कायम आहे. नवं पत्र मात्र लिहू नका. नव्या तारखेचं 'सदस्यत्व रद्द' असं पत्र गेलं की मुदत तिथूनच मोजायची सोय त्यांना मिळते. दुसऱ्या पत्राला नेहमी 'स्मरणपत्र' म्हणा आणि त्यात पहिल्या पत्राची तारीख घाला.

सूचनेच्या तीस दिवसांत व्यायामाला जायला काहीच हरकत नाही, त्याचे पैसे तुम्ही दिलेले आहेत. 4 सप्टेंबरनंतर मात्र एकदाही कार्ड स्वाइप करू नका, अगदी लॉकरमधले बूट आणायलासुद्धा. तुमची हजेरी यंत्रात नोंदली जाते आणि 'सदस्य नंतरही येत होते' हे त्यावरून छापून दाखवता येतं. लॉकर आधीच रिकामा करा, प्रवेशपत्र किंवा किल्ली परत करून पावती घ्या, अनामत असेल तर ती त्याच वेळी मागा.

बँकेकडे आता वळा. तुमचा शेवटचा हप्ता 5 ऑगस्टचा आहे आणि 5 सप्टेंबरचा नको आहे, म्हणजे कार्डावरची कायमची संमती काढायची योग्य वेळ ऑगस्टचा शेवटचा आठवडा. बँकेच्या ॲपमध्ये आवर्ती व्यवहार किंवा मँडेट अशा नावाने यादी असते, तिथून ही एक नोंद रद्द करा, अख्खं कार्ड नव्हे. आदल्या दिवशी संध्याकाळी करू नका. रक्कम मागवण्याची प्रक्रिया काही दिवस आधी सुरू झालेली असू शकते. यादीत ती नोंद दिसत नसेल तर बँकेला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

तरीही 5 सप्टेंबरला रक्कम गेलीच तर आधी जिमला त्याच धाग्यात ईमेल करून परतावा मागा, त्यासाठी सात दिवस द्या, आणि मग बँकेत त्या व्यवहाराविरुद्ध तक्रार नोंदवा. अशा तक्रारींना मुदत असते, म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' नको. तक्रारीत 'मी हा व्यवहार केलाच नाही' हा पर्याय निवडू नका. तुम्ही एकेकाळी संमती दिलेली होती, त्यामुळे तो दावा पडतो. 'सदस्यत्व रद्द केल्यानंतर रक्कम घेतली' अशा अर्थाचा पर्याय शोधा आणि तीनच कागद जोडा: कलम 9 चं पान, पोच असलेलं पत्र आणि त्या हप्त्याची ओळ असलेलं स्टेटमेंट. वीस स्क्रीनशॉट जोडले की वाचणारा त्यांतला नेमका एक शोधत बसतो.

ज्यांची बारा महिन्यांची पहिलीच मुदत अजून चालू आहे, त्यांच्यासाठी वरचं पत्र पुरत नाही. तिथे करारातलं मुदतीआधी सोडण्याचं कलम पाहावं लागतं: आजारपण, दूर बदली, जिमनेच वेळ किंवा जागा बदलणं. तिथे कारणही लिहावं लागतं आणि पुरावाही जोडावा लागतो. डॉक्टरांच्या दाखल्यात 'अमुक तारखेपासून अमुक काळ व्यायाम वर्ज्य' एवढंच असावं, आजाराची सगळी फाइल जिमला द्यायची गरज नाही. कलमच नसेल तरी करारात छापलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं समजू नका. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने 2011 मध्ये जिमच्या करारांच्याच एका खटल्यात, ग्राहकाला बारा महिन्यांहून अधिक काळ बांधून ठेवणाऱ्या अटी अन्यायकारक ठरवल्या होत्या. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो हे ग्राहक संघटनेकडे विचारता येईल, फक्त विचारायला जाताना कराराची प्रत बरोबर हवी. ती नसेल तर जिमकडे लेखी मागा. तुमच्या सहीचा करार तुम्हाला न देणारी जिम पुढे कुठलं कलम दाखवणार, हा प्रश्न मग तुम्ही त्यांना विचारू शकता.

तुमच्यासाठी आजचं काम एवढंच, की करारातला पत्ता शोधून दोन प्रती छापून ठेवा. सोमवारी सकाळी जा. संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते आणि पोच देण्याची टाळाटाळ करायला तीच सबब होते.